फऱ्याने जनावर गेलं की कातडं नाही, खड्डा

प्रश्न: दीड वर्षाचा गोऱ्हा सकाळी लंगडत होता, रात्री गेला. पुठ्ठ्यावर सूज होती. गावातले फऱ्या म्हणतात. बाकीच्या वासरांना आता लस टोचली तर चालेल का? आणि कातडं सोडवून दिलं तर काही धोका आहे का?

कातडं सोडवू देऊ नका. गोऱ्हा अजून पुरला नसेल तर पुढचं वाचण्याआधी त्याच्यावर ताडपत्री टाका, कडेने दगड ठेवा आणि कुत्री हाकलायला माणूस बसवा. लस टोचायची का, तर हो. पण आज ती एकटी पुरणार नाही, आणि येत्या दोन आठवड्यांत आणखी एखादं वासरू गेलं तर घरातलं कुणीतरी लशीलाच दोष देईल. आमच्या घरात तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

आमचाही एक गोऱ्हा असाच गेला, तो गोठ्यातला सगळ्यात भरलेला होता. फऱ्या तसलंच जनावर धरतो. सहा महिने ते दोन वर्षं वयाची, चांगल्या खाण्यावरची, अंगावर तेज असलेली वासरं आधी जातात. शेजारच्या दावणीला रोडकी म्हातारी गाय उभी असते, तिला काही होत नाही. त्या सकाळी गोऱ्ह्याने वैरणीला तोंड लावलं नाही, रवंथ बंद, आणि मागचा एक पाय टेकवेना. थोरले दीर म्हणाले, रात्री दुसऱ्या गोऱ्ह्याचं शिंग लागलं असेल, शेकून काढू. त्यांनी विटा तापवून फडक्यात गुंडाळल्या आणि शेकायला बसले.

शिंग लागलं असेलही. फऱ्यात माराचा संबंध असतोच, हे त्यांना तेव्हाही सांगितलं होतं. या जंतूचं बीज मातीत असतं आणि चरताना गवताबरोबर पोटात जातं. तिथून ते रक्तावाटे मांसात जाऊन पडून राहतं. धडधाकट मांसाला प्राणवायू पुरेसा मिळतो, त्यात ते उगवत नाही. शिंग लागलं, घसरून पडलं, दाटीत चेंगरलं, की तेवढ्या भागातला रक्तपुरवठा तुटतो, प्राणवायू संपतो आणि बीज जागं होतं. मग ते विष सोडतं, मांस कुजवतं आणि आत वायू धरतो. म्हणजे माराने फक्त दार उघडलं. आत शिरलेलं शेकून बाहेर निघत नाही.

सूज पाहायची तर हाताने पाहायची, नजरेने नाही. सुरुवातीला ती गरम असते, हात लावला की जनावर पाय झटकतं. काही तासांत मधला भाग गार पडतो, तिथलं दुखणं जातं, आणि दाबलं की कातडीखाली सुकी पानं चुरगळल्यासारखा चरचर आवाज येतो. हा वायूचा आवाज. मुरगळलेल्या पायात तो येत नाही, आणि घटसर्पातली सूज गळ्याला असते, ती चरचरत नाही. दुपारी मी दाबलं तेव्हा पुठ्ठ्याची कातडी कोरडी, ताठ झाली होती आणि आवाज स्पष्ट येत होता. दुखायचं थांबलं म्हणून दीर म्हणाले, शेकाचा गुण आला. गुण नव्हता, तिथलं मांस मेलं होतं.

तापावरही फसायला होतं. सुरुवातीला अंग चांगलं तापतं, थर्मामीटर १०६ फॅरनहाइटच्या पुढेही जातो. पण पायावरची सूज आपल्या ध्यानात येईपर्यंत ताप उतरलेला असू शकतो, शेवटी तर अंग गार पडतं. ताप नाही म्हणून फऱ्या नाही, असं धरू नये. काही वेळा सूज बाहेर दिसतच नाही, कारण ती काळजाच्या किंवा छातीच्या पडद्याच्या स्नायूत असते. अशी वासरं सकाळी दावणीला मेलेलीच सापडतात आणि नाव सापावर जातं.

डॉक्टर आले, त्यांनी पेनिसिलिनची मोठी मात्रा शिरेतून आणि स्नायूत दिली, आणि स्पष्ट सांगितलं की उशीर झाला आहे. पहिल्या काही तासांत, नुसता लंगडा असताना हे औषध मिळालं तर एखादं जनावर वाचतं. चरचर ऐकू यायला लागल्यावर फार थोडी वाचतात. आमचा रात्री गेला.

खरं भांडण पहाटे झालं. कातडं काढायला एक ओळखीचा माणूस आला आणि दीर हो म्हणाले. मी आडवी गेले. माझं म्हणणं दोन गोष्टींवर होतं आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे. एकाएकी मेलेलं जनावर फऱ्याने गेलं की फाशीने, हे वरून नक्की कळत नाही. फाशी म्हणजे काळपुळी, ती माणसाला होते आणि जीव घेते. तिच्यात नाकातोंडातून, गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त येतं, पोट झपाट्याने फुगतं, शरीर नीट ताठरत नाही. पण फऱ्यातही नाकातून रक्ताळ फेस दिसू शकतो. त्यामुळे डॉक्टरांनी कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेऊन तपासेपर्यंत सुरी लावायचीच नाही. फाशीचा जंतू शरीर उघडल्यावर हवा लागली की टिकाऊ बीज धरतो. बंद शरीरात तो कुजण्याबरोबर बराचसा मरतो.

दुसरी गोष्ट मातीची. फऱ्या एका वासरापासून दुसऱ्याला श्वासाने किंवा उष्ट्याने लागत नाही, तो जमिनीतून लागतो. जिथे फऱ्याचं जनावर फाडलं, जिथे त्याचं रक्त सांडलं, कुत्र्यांनी लचके ओढत नेले, तिथली माती वर्षानुवर्षं बाधित राहते. आमच्या ओढ्याच्या कडेला पूर्वी अशीच मेलेली जनावरं सोलून टाकून द्यायचे. गोऱ्हा गेला त्याच्या आधी तिथे खोदकाम झालं होतं, खालची माती वर आली, पहिल्या पुरात ती सगळ्या कुरणावर पसरली. वासरं तिथेच चरत होती. कातड्याचे चार पैसे घेऊन आपण पुढच्या वर्षांची वासरं त्या जागी पेरतो, हे मी तेव्हा म्हणाले आणि आजही म्हणते.

गोऱ्हा शेवटी न सोलता पुरला. खड्डा तो मेला तिथून जवळच घेतला, म्हणजे लांब ओढायला नको. ओढलं की अंगातून गळणारं सगळं वाटेवर सांडतं, म्हणून हलवायचंच झालं तर खाली जाड प्लास्टिक घालून गाडीवर घ्यावं. हातमोजे आणि बूट घालून नाक, तोंड, गुदद्वार यात जंतुनाशकात भिजवलेल्या चिंध्या कोंबल्या. खड्डा इतका खोल की जनावराच्या वर सहा फूट माती बसेल, आणि विहीर, ओढा, पाणी साचणारी जागा यांच्यापासून दूर. खालून पाझर लागला तर तो खड्डा सोडून द्यायचा. तो पडला होता तिथली वरची माती खरवडून, खालचं गवत, उरलेली वैरण, चिंध्या, सगळं त्याच खड्ड्यात गेलं. चुना टाकतात, आम्हीही टाकला, पण चुन्याने बीज मरतं असं समजू नका. काम खोली करते. वर काटेरी झुडपं आणि मोठे दगड, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. पुरेसं जळण असेल तर पूर्ण राख होईपर्यंत जाळणं पुरण्याहून चांगलं, अर्धवट जाळणं मात्र काही कामाचं नाही.

आता लस. दुसऱ्या दिवशी राहिलेल्या सगळ्या वासरांना टोचली आणि आठवडाभरात त्यातली दोन गेली. तेव्हापासून थोरले दीर प्रत्येक लग्नकार्यात सांगतात की आमची वासरं लशीने मारली. लशीने मारली नाहीत. ही लस मेलेल्या जंतूंची असते, तिच्याने फऱ्या होत नाही. पण टोचल्यावर अंगात ताकद तयार व्हायला दोन ते तीन आठवडे जातात. ती दोन वासरं त्याच कुरणावर चरलेली होती आणि बीज त्यांच्या मांसात आधीच बसलं होतं. म्हणून एक जनावर गेल्यावर बाकीच्यांना नुसती लस देऊन थांबायचं नाही. त्याच वेळी डॉक्टरांकडून पेनिसिलिनही द्यायचं, म्हणजे लस लागू होईपर्यंतचे दिवस निभावतात. त्याने लशीचं काही बिघडत नाही, कारण लशीत जिवंत जंतू नाही. आणि वासरं त्या जागेवरून त्याच दिवशी हलवायची. आमच्याकडे तेव्हा लस झाली, पेनिसिलिनला खर्च नको म्हणाले. कोण म्हणाले ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

खरी वेळ पावसाआधीची आहे. पहिल्या मोठ्या पावसाच्या महिनाभर आधी टोचली तर माती उघडी पडेपर्यंत आणि नवं गवत जमिनीलगत ओरबाडून खाईपर्यंत अंगात ताकद आलेली असते. पाऊस सुरू झाल्यावर गाडी येईल तेव्हा टोचू, हे चालत नाही. सहा महिन्यांवरचं प्रत्येक वासरू, दरवर्षी. बहुतेक लशींची मात्रा ३ ते ५ मिली, कातडीखाली, पण आपल्या बाटलीवर छापलेली तीच खरी. पहिल्यांदाच टोचत असाल तर पुढची मात्रा कधी, तेही बाटलीवर पाहा. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची आणि गोठू द्यायची नाही. बर्फाला चिकटून गोठलेली लस पुन्हा वितळली की दिसते तशीच, पण काम देत नाही. टोचण्याआधी चांगली हलवायची, कारण औषध तळाशी बसतं. वासराला धाडकन पाडून टोचू नका, मुका मार नको. टोचल्या जागी गाठ येते, ती हळूहळू जिरते. तिला शेकू नका.

आम्ही त्यानंतर दरवर्षी आधी टोचतो आणि फऱ्या पुन्हा आला नाही. दीर म्हणतात पाऊस कमी होता. ज्या वर्षी कुरण पाण्याखाली होतं त्या वर्षीही आला नाही, त्यावर ते काही बोलत नाहीत.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. पेनिसिलिन स्वतः आणून अंदाजाने टोचू नका, मात्रा वजनावर असते आणि कमी पडली तर काहीच उपयोग नाही. टोचलेल्या वासराला कधीच फऱ्या होत नाही असंही नाही, फार क्वचित होतो. सहा महिन्यांखालची वासरं असतील तर साथीत त्यांना कधी टोचायचं ते डॉक्टरांना विचारा. आजारी दिसणाऱ्याला लस नको, त्याला उपचार हवा.

पुढचे चौदा दिवस रोज सकाळी प्रत्येक वासराला दावं सोडून दहा पावलं चालवून बघा. खाणं सोडलं असेल किंवा एक पाय आखडत असेल तर सूज यायची वाट न बघता तेव्हाच डॉक्टरांना फोन करा.