सात रुपये कमी भरलेली चळत

प्रिय बेटा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. बचत गटाची पेटी मोजली, 63 रुपये कमी भरले, तीनदा मोजलं तरी तेवढेच, मग स्वतःच्या पर्समधून 63 टाकून हिशोब जुळवला आणि आता झोप येत नाही म्हणतेस. पैसे टाकलेस ते चांगल्या मनानेच टाकलेस, मला माहीत आहे, पण बेटा ते टाकल्यामुळे चूक होती कुठं ते सापडायचा रस्ताच बंद झाला बघ. फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसली. मी बर्डीवर बँकेत कॅशला सत्तावीस वर्षं काढली, पण तुला तिथली गोष्ट नाही सांगत, मागच्या तान्हा पोळ्यानंतर माझ्या घरात, माझ्या नातीसोबत झालं ते सांगते, कारण तुझ्यासारखंच तिनंही तीनदा मोजलं होतं.

तिचा एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, तोच तिचा गल्ला. किराण्यातून उरलेली मोड, पाहुण्यांनी हातावर ठेवलेलं, आणि लाकडी बैल घेऊन घरोघर फिरली तेव्हा मिळालेला बोजारा, सगळं त्यात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात ना, तिथून पुस्तकं घ्यायची म्हणून जमवत होती. मी तिला एकच सवय लावलेली, की डब्यात काही टाकलं की झाकणाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तेवढा आकडा लिहायचा. त्या कागदाची बेरीज होती 471. मी वेगळी बेरीज केली, तीही 471.

मग ओट्यावर ओतलं सगळं. तिनं दहा-दहाच्या चळती लावल्या, अगदी मन लावून, जीभ बाहेर काढून. दहाची नाणी 14, म्हणजे 140. पाचची 36, म्हणजे 180. दोनची 43, म्हणजे 86. आणि एकची 58. बेरीज आली 464. सात रुपये कमी. तिनं परत मोजलं, 464. मग मी समोर बसली आणि ती बोट लावून मोजत गेली, परत 464. तिचा चेहरा पडला, म्हणाली आजी कागदावरच खोडून 464 लिहू का, आणि मग लगेच, बाबांनी घेतले असतील का?

इथं मी थांबवलं तिला. ती तीनदा मोजत होती म्हणजे काय करत होती? चळती मोजत होती. एक चळत दहा, दोन चळती वीस. चळतीच्या आत काय आहे ते तिनं एकदाच ठरवलं होतं, रचताना, आणि नंतर तिन्ही वेळा त्याच ठरवलेल्यावर बेरीज केली. तीनदा आलेला 464 हा तीन साक्षीदारांचा आकडा नव्हता, एकाच साक्षीदाराला तीनदा विचारलं होतं. तुझंही तसंच झालं असेल असं मला वाटतं, तू दोनच्या आणि पाचच्या चळती लावूनच मोजतेस ना?

मग मी तिला म्हटलं, आधी नाण्यांना हात लावू नको, फरकाकडे बघ. सात. चळतच मोजायची राहिली असती तर फरक दहा, वीस, पन्नास किंवा शंभर आला असता. पाचची किंवा दहाची नाणी चुकली असती तर पाचच्या पटीत आला असता. कागदावर आकडा उलटा लिहिला गेला असता, म्हणजे 54 चे 45, तर फरकाला नेहमी नऊने भाग जातो, कोणतेही दोन अंक अदलाबदल कर, नऊची पट येते. सातला ना पाचने भाग जातो ना नऊने. दोन-तीन चुका एकत्र झाल्या असतील तर ही गोष्ट लागू पडत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं, आणि आम्हाला कळलं की पाचची आणि दहाची नाणी बाजूला ठेवायची, एक आणि दोनमध्ये बघायचं.

आता नऊ चळती उरल्या, चार दोनच्या, पाच एकच्या, आणि सुटी नाणी. ती म्हणाली उंची बघू. एकमेकींना चिकटवून ठेवल्या आणि वरून स्केल फिरवली, त्याच जातीच्या सगळ्या सारख्या. मग किचनचा वजनकाटा आणला. एकच्या नाण्यांचे आता बाजारात निदान तीन आकार फिरतात, जुना मोठा 25 मिलिमीटरचा, त्यानंतरचा 22 च्या आसपासचा, आणि 2019 नंतरचा 20 चा, म्हणून वजन करायचं तर एकाच जातीची दहा-दहा घ्यायची, मिसळलेली काट्यावर टाकली तर आकड्याला काही अर्थ नसतो. तिच्या चार चळती छोट्या रुपयाच्या होत्या आणि एक मोठ्या रुपयाची, तो अंगठ्याच्या चित्राचा आठवतो ना, तो. मोठा रुपया 4.85 ग्रॅमचा, दहाचे साडेअठ्ठेचाळीस. एखादं नाणं कमी असतं तर काटा त्रेचाळीस-चव्वेचाळीस दाखवणार. काट्यानं 48 दाखवलं. बरोबर. बाकीच्याही बरोबर. नातीनं माझ्याकडे पाहिलं, आजी सगळंच बरोबर आहे मग सात रुपये कुठं गेले?

नाण्यांची संख्या बरोबर होती बेटा, किंमत चुकलेली होती, आणि काटा संख्या सांगतो, किंमत नाही सांगत.

2011 साली दोन रुपयांचं नवं नाणं आलं ते आधीच्यापेक्षा लहान केलेलं, 25 मिलिमीटर, 4.85 ग्रॅम, स्टेनलेस स्टील. म्हणजे हूबेहूब जुन्या मोठ्या रुपयाएवढं. तीच रुंदी, तेच वजन, तोच धातू, त्यामुळे जाडीही तीच. उंचीनं फरक कळत नाही, काट्यानं कळत नाही, अंधारात बोटानं तर नाहीच. आणि सिंहाची बाजू वर असली की डोळ्यालाही पटकन कळत नाही, कारण सिंह दोन्हीवर आहेत. ते नाणं नवीन होतं तेव्हा काउंटरवर आम्ही स्वतः थबकायचो, आणि इतवारीतले मोठे व्यापारी पिशव्या घेऊन यायचे त्यांच्या एकच्या पिशवीत दोनची हमखास निघायची, कोणाच्या मनात काही वाईट नसताना.

मी तिला ती मोठ्या रुपयाची चळत आडवी पाडायला सांगितली आणि पत्ते पसरतो तशी पसरायला, आणि मग प्रत्येक नाणं आकड्याची बाजू वर करून ठेवायला. वरचं पहिलं एक. दुसरं एक. तिसरं दोन. चौथं दोन. ती एकदम ओरडली. शेवटी दहात तीनच एकची निघाली आणि सात दोनची. म्हणजे ती चळत दहा रुपयांची नव्हतीच, सतरा रुपयांची होती. सात दोनमध्ये सरकवली तर दोनची बरोबर 50 झाली, 100 रुपये, एकची 51, आणि 140 अधिक 180 अधिक 100 अधिक 51 म्हणजे 471. कागद खरा निघाला.

झालं कसं ते मी तिला विचारलं, कारण ते कळल्याशिवाय मी कधीच हिशोब बंद करत नाही. तिला आठवलं. सुरुवातीला ती प्रत्येक नाणं वाचून ठेवत होती. शेवटी शेवटी थोडी उरली, खाली पोट्टे खेळायला बोलावत होते, तर तिनं चळतीवर वरचा रुपया बघितला आणि उरलेल्यांतली त्याच मापाची नाणी उचलून एकावर एक लावून टाकली. वाचायचं सोडून मापायला लागली, तिथं चूक झाली. आणि तिथंच होते, मोठ्या माणसांचीही, मोजणीच्या शेवटच्या पाच मिनिटांत, जेव्हा बस चुकेल असं वाटतं. बाबांवरचा तिचा संशयही तेव्हाच गेला, आणि मला त्याचंच सगळ्यात बरं वाटलं, कारण कागद खोडून 464 केला असता तर तो संशय त्या पोरीच्या मनात राहिला असता. तुझ्या गटात बारा बायका आहेत.

आता तुझ्या 63 कडे येऊ. सहा आणि तीन नऊ, म्हणजे 63 ला नऊने पूर्ण भाग जातो. म्हणून मी पेटी उघडायच्या आधी वही उघडली असती. त्या महिन्यात कोणाची जमा 118 असून 181 लिहिली गेली आहे का, 29 चे 92 झाले आहेत का, असं शेवटचे दोन अंक उलटून बघ, त्यांच्यात सातचा फरक असला की 63 येतो. पावत्यांशी एक-एक ओळ लाव. असेलच असं नाही, पण अर्ध्या तासाचं काम आहे.

तिथं नाही सापडलं तर पेटी. पण मोजायची पद्धत बदल, आणि मोजणारा माणूसही. तू रचल्यास तर दुसरीनं पसरून वाचायच्या, आणि तिला तुझा आकडा आधी सांगायचा नाही, सांगितला की माणूस त्या आकड्यापर्यंतच मोजतो. दहा आणि वीसची नाणी वेगळी बघ, दोन्ही 27 मिलिमीटरची आहेत, घाईत एकमेकांत जातात. दहाच्याला बाहेरची कडी पिवळी आणि मधलं पांढरं, वीसच्याला उलटं, आणि वीसच्याला बारा कोपरे आहेत, कडेवर नख फिरवलं तरी कळतं. चिल्लर बँकेत भरायची असेल तर एकाच किमतीची शंभर-शंभर नाणी पारदर्शक पिशवीत भर, रिझर्व्ह बँकेनंही तसंच सुचवलेलं आहे, आणि कॅशवाल्याला बाहेरून दिसतं आत काय आहे ते.

आणि तू टाकलेले 63 काढून घे, पण गुपचूप नको. वहीत त्या तारखेला लिही, मोजणीत 63 कमी, कारण शोधणे चालू, आणि खाली तुझ्यासोबत अजून एकीची सही घे. तुझे पैसे आत मिसळलेले असताना उद्या खरे 63 सापडले तर पेटी 63 नं जास्त भरेल आणि मग परत नव्यानं शोधत बसाल.

रविवारी वही आणि पावत्या घेऊन महालात घरी ये, सकाळी, ऊन चढायच्या आत. नात पण आहे, पसरून वाचायचं काम ती करेल म्हणाली.

तुझी,
काकू