शबरीमलेचं पहिलं व्रत : माळ घालण्याआधी

स्वामी, केरळातल्या शबरीमलेला अय्यप्पाच्या दर्शनाला जायचं, तर आधी ऑनलाइन दर्शनाची तारीख घ्या आणि मग दिवस उलटे मोजा. १४ जानेवारीला मकरविळक्कूच्या उत्सवाला पोहोचायचं असेल, तर ४ डिसेंबरला माळ घाला म्हणजे १३ जानेवारीला व्रताचे ४१ दिवस पुरे होतात. बरेच नवखे आधी माळ घालतात आणि तारीख नंतर शोधत बसतात.

माळ तुळशीची किंवा रुद्राक्षाची, अय्यप्पाचं पदक असलेली घ्या आणि गुरुस्वामींच्या, म्हणजे अनेक यात्रा केलेल्या जाणत्या भक्ताच्या, हातून घाला. तुटलीच तर घाबरू नका, ओवून पुन्हा घाला. मात्र घरात सुतक आलं तर गुरुस्वामींना विचारून माळ उतरवा, यात्रा पुढच्या वर्षी करा.

पहाटे आणि संध्याकाळी स्नान, ब्रह्मचर्य, दाढी-केस कापायचे नाहीत. मांस, दारू, तंबाखू पूर्ण बंद. जेवण घरचं, साधं. दिवसभर उपाशी राहून कामावर चिडचिड करणं ही पहिल्या आठवड्यातली नेहमीची चूक. भात-वरण पोटभर खा, राग आवरा. खरं कठीण व्रत तेच आहे.

पंपा नदीकाठाहून मंदिरापर्यंतची चढण अनवाणी करायची असेल, तर रोज थोडं अनवाणी चाला. इरुमुडी, म्हणजे डोक्यावर न्यायचं पूजासाहित्याचं दोन कप्प्यांचं गाठोडं, कशी बांधायची ते गुरुस्वामी त्या वेळी दाखवतील. तिच्याशिवाय मंदिराच्या पवित्र अठरा पायऱ्या चढता येत नाहीत, एवढं आत्ता पुरे.