संधिवाताच्या गोळ्या चालू असताना फ्लूची लस

प्रश्न: आई रोज २० मिग्रॅ प्रेडनिसोलोन घेते, महिना झाला. फ्लूची लस चालेल का? चिपळूणहून गुहागरला बर्फात घालून आणू का?

उत्तर: इंजेक्शनची चालेल. त्यात जिवंत विषाणू नसतो, फार तर गोळ्यांमुळे परिणाम थोडा कमी होईल. नाकात फवारायची लस आणि कांजिण्यांची लस जिवंत असतात, त्या आईला आता नकोत. हा डोस बंद झाल्यावरही निदान महिनाभर थांबतात.

बर्फात मात्र खुपसू नका. उकाड्याच्या धास्तीने आपल्याकडे हेच होतं. गोठलेली लस बाद, वितळल्यावर दिसायला ठीक असली तरी. तिला २ ते ८ अंश लागतात. आईस पॅक फ्रीझरमधून काढून, आत पाणी खुळखुळेपर्यंत बाहेर ठेवा, मगच डब्यात भरा. लस पुठ्ठ्याच्या खोक्यातच राहू द्या. खरं तर आईलाच चिपळूणला नेणं सोपं.