देवराईची कड किती आत शिरते?

मुळशीतल्या छोट्या देवराईत कडेचा परिणाम, म्हणजे उघड्या बाजूने शिरणाऱ्या ऊन-वाऱ्यामुळे होणारा बदल, किती आत जातो, हे कसं मोजायचं?

कडेपासून काटकोनात दोरी टाकून ०, ५, १०, २० आणि ४० मीटरवर तापमान-आर्द्रता आपोआप नोंदवणारे लॉगर एकाच उंचीवर लावा. त्यांच्यावर सावलीचं छप्पर हवंच, नाहीतर हवेऐवजी तापलेल्या डबीचं तापमान नोंदलं जातं आणि कडेचा फरक खोटाच फुगतो. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची कड जास्त तापते, म्हणून पूर्वेलाही मोजा. आकडे जिथे स्थिरावतात, तिथवर परिणाम.

वनस्पतींसाठी मोठ्या झाडांवर विसंबू नका, ती बऱ्याचदा कड तयार होण्याआधीची असतात. रोपं मोजा: कडेला घाणेरी, रानमोडी दाटतात, आत अंजनीची रोपं दिसतात का ते बघा. देवराई ८० मीटरच रुंद असेल, तर ४० मीटरवर समोरची कडही तेवढीच जवळ. तिथेही आकडे स्थिरावले नाहीत, तर गाभा उरलेलाच नाही.