‘चूक झाली’चं इंग्रजी

जर्मनीच्या गिऱ्हाइकाने कळवलंय, बाराशे डब्यांपैकी ८६ झाकणांवर तांबूस ठिपके आहेत. मी मराठीत उत्तर लिहिलं, भाचीने त्याचं इंग्रजी केलं. ते वाचलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. माझं मराठी तर तसं नव्हतं! दोन्ही मसुदे पाठवतोय. (स्टीलच्या डब्यांचा कारखाना, भाईंदर)

भाचीचं काही चुकलेलं नाही. तिने शब्दाला शब्द ठेवला आणि घोटाळा तिथेच झाला.

तुम्ही लिहिलंत, ‘माल खराब निघाला हे वाचून वाईट वाटले. आमच्याकडून चूक झाली. योग्य ती कार्यवाही करू.’ ‘निघाला’मध्ये आपण थोडे लांब उभे असतो. फणस पिकलेला निघतो, जावई चांगला निघतो, तसा माल खराब निघाला. तिचं इंग्रजी झालं ‘द गुड्स वेअर डिफेक्टिव्ह’. आता हा तुमचा स्वतःचा निर्वाळा झाला, आणि तोही सगळ्या बाराशे डब्यांबद्दल, कारण ८६ हा आकडा तुमच्या मराठीतच नव्हता. ‘चूक झाली’ हे आपण पाहुण्याच्या चहात साखर कमी पडली तरी म्हणतो. ‘इट वॉज अवर मिस्टेक’ मात्र कबुलीजबाब आहे.

ठिपके कशाने पडले हे अजून तुम्हालाही ठाऊक नाही. मी कारखानदार नाही, पण स्टीलच्या भांड्यांची पत्रं इतकी लिहिली आहेत की दोन कारणं पाठ झाली आहेत. साध्या लोखंडावर वापरलेलं ग्राइंडिंग व्हील तुमच्या झाकणांवर फिरलं, तर लोखंडाचे बारीक कण पृष्ठभागात रुततात आणि पुढे गंजतात. असे ठिपके बहुधा घासलेल्या कडेला, सगळ्या खोक्यांत थोडे थोडे दिसतात. दुसरं कारण न्हावा शेवा सोडल्यानंतरचं. कंटेनरच्या छताला दव धरतं, ते खाली टपकतं, आणि काही मोजकीच खोकी ओलावतात. तेव्हा ठिपके त्याच खोक्यांत सापडतात आणि पुठ्ठ्यावर पाण्याचे डाग असतात.

तुमचा सौदा एफओबी आहे. म्हणजे माल जहाजावर चढल्यानंतरची जोखीम गिऱ्हाइकाची, आणि ओलावा समुद्रात लागला असेल तर भरपाई त्याला त्याच्या विमा कंपनीकडून मागायची आहे. तुमचं ‘आमची चूक’ हातात पडलं की ती कंपनी तेच पत्र त्याच्यापुढे ठेवील. नम्रतेपायी तुम्ही दोघांचंही नुकसान कराल.

म्हणून मराठी मसुदाच बदला. प्रत्येक वाक्याला कर्ता द्या: कोणी पाहिलं, कोणी कळवलं, कोण काय करणार. मी असं लिहिलं असतं:

‘आपला ४ मार्चचा मेल मिळाला, आभारी आहोत. १,२०० पैकी ८६ झाकणांवर तांबूस ठिपके आढळल्याचे आपण कळवले, ते वाचून आम्हाला वाईट वाटले. कारण शोधता यावे म्हणून ही झाकणे कोणत्या क्रमांकांच्या खोक्यांत होती, ते कृपया कळवावे. सहा झाकणांचे जवळून काढलेले फोटो पाठवावेत. एखादे खोके ओले होते का, तेही सांगावे. झाकणे आणि खोकी बाजूला जपून ठेवावीत. आम्हाला काय आढळले ते आम्ही १४ मार्चपर्यंत आपल्याला लिहू.’

आता इंग्रजी आपोआप सरळ येतं: ‘थँक यू फॉर युवर मेसेज ऑफ ४ मार्च. वुई आर सॉरी टू लर्न दॅट यू फाउंड ब्राउन स्पॉट्स ऑन ८६ ऑफ द १,२०० लिड्स.’ दिसले कोणाला, तर गिऱ्हाइकाला. वाईट वाटलं कोणाला, तर आपल्याला. दोष कोणाचा, यावर वाक्य काहीच बोलत नाही, तरी ते कोरडंही वाटत नाही. पुढे ‘कुड यू सेंड अस द कार्टन नंबर्स’ म्हणा. ‘काइंडली डू द नीडफुल’ नको. नीडफुल म्हणजे नेमकं काय, हे हॅम्बुर्गच्या माणसाला कळत नाही. ‘योग्य ती कार्यवाही’च्या जागी १४ मार्च ही तारीख आली, आणि ती पाळायची.

एक गोष्ट मात्र शब्दांनी झाकता येणार नाही. ऑर्डरवर थ्री-झिरो-फोर जातीचं स्टील लिहिलेलं असताना पत्रा टू-झिरो-टूचा लागला असेल, तर सरळ कबूल करा. टू-झिरो-टू लवकर गंजतो, आणि तिकडची प्रयोगशाळा ते शोधून काढतेच.

आमच्या साहेबांना तक्रारीच्या प्रत्येक उत्तरात ‘इनकन्व्हीनियन्स रिग्रेटेड’ हवंच असतं. चालतं का? (मर्चंडायझर, अंधेरी)

दादरच्या फलाटावर उभं राहून ‘होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ ऐकताना तुम्हाला जे वाटतं, तेच तुमच्या गिऱ्हाइकाला वाटतं. कोण दिलगीर, कशाबद्दल, काही पत्ता नाही.

मराठीत खेद, दिलगिरी आणि माफी यांच्या पायऱ्या आपल्याला कळतात. इंग्रजीतही त्या आहेत. दुसऱ्याला त्रास झाला म्हणून वाईट वाटलं तर ‘वुई आर सॉरी टू हिअर’. ‘वुई अपॉलजाइज फॉर’ राखून ठेवा, आणि जे निःसंशय तुमचं आहे त्यासाठीच वापरा. मेलला पाच दिवस उत्तर गेलं नाही? मग ‘वुई अपॉलजाइज फॉर द डिले इन रिप्लाइंग’. ते एकदाच, आणि तेही पहिल्या परिच्छेदात. तीनदा माफी मागितली की वाचणाऱ्याला शंका येते, की प्रकरण सांगतात त्याहून मोठं असावं.

वाद नको म्हणून पहिल्याच उत्तरात २० टक्के सूट लिहून टाक, असं भाऊ म्हणतो. (इमिटेशन ज्वेलरी, मालाड)

भावाला आधी बँकेत पाठवा. शिपिंग बिलावरची रक्कम बँकेच्या नोंदीत असते आणि तेवढे पैसे परदेशातून यायला हवेत. कमी आले तर बँकेला कारण कळवावं लागतं, कागद आणि मंजुरीही लागू शकते. माझ्या एका जुन्या अशिलाने सूट आधी लिहून दिली आणि बँकेत नंतर गेला. पुढे कित्येक महिने ती नोंद उघडीच राहिली.

पहिल्या पत्रात आकडा नको. कारण सापडल्यावर बदली माल किंवा सूट, यांतलं काय सोयीचं पडेल, ते गिऱ्हाइकालाच विचारा: ‘वुड यू प्रिफर रिप्लेसमेंट्स ऑर अ क्रेडिट?’ बदली माल फुकट पाठवलात तरी कस्टम्ससाठी त्याची किंमत लिहावी लागते, हेही भावाच्या कानावर घाला.

‘कळावे, लोभ असावा’ आणि ‘आपला कृपाभिलाषी’ यांचं इंग्रजी कसं करू? (लालबाग)

करू नका. ‘सिन्सिअरली’ लिहा आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. नुसतं ‘फॉर अँड ऑन बिहाफ ऑफ’ आणि शिक्का असला, की पुढचा मेल कोणाच्या नावे लिहायचा हे त्या माणसाला कळत नाही. लोभ दाखवायचाच असेल तर नावाखाली थेट फोन नंबर द्या, आणि त्यांच्या घड्याळाने किती वाजता उचलाल तेही लिहा. आणि गिऱ्हाईक अमेरिकेचं असेल तर तारखेतला महिना अक्षरांत लिहा, कारण आपला ४/३ तिकडे ३ एप्रिल होतो.