प्रोजेक्ट फसल्यावर सगळं खापर आपल्या डोक्यावर येऊ नये म्हणून काय करावं?

"रिलीज फसलं, सगळे एकमेकांकडे बोट दाखवतायत, सोमवारी रिव्ह्यू मीटिंग आहे. कुणाला न अडकवता स्वतःला कसं वाचवू?"

एक पानाची टाइमलाइन बनवा. तारीख, काय ठरलं, कुठे लिहिलंय (मेल की तिकीट), बस. माणसांची नावं नकोत, टीमचं नाव लिहा.

आमचं डेटा मायग्रेशन गंडलं तेव्हा सगळे म्हणाले टेस्टिंग कमी पडलं, म्हणजे मी. तिकिटाची हिस्टरी काढली तर टेस्टिंगला 10 दिवस ठरलेले, डेटा आला आठव्या दिवशी, आणि जुनी खाती तपासून होणार नाहीत हे मी त्याच दिवशी तिकिटावर टाकलेलं. पण त्यावर फोनवर समोरचे "चालेल, करून टाका" म्हणाले ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, फोननंतर दोन ओळींचा मेल टाकायला हवा होता, ती माझी चूक मी टाइमलाइनमध्ये आधीच लिहिली आणि त्या फोनसमोर "आठवणीतून" असंही लिहिलं. मग बाकीच्यांचा आवाज जरा खाली आला.

हे पान मॅनेजरला आदल्या दिवशीच दाखवा, मीटिंगमध्ये बॉम्ब टाकू नका. आणि ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड करू नका हां, बऱ्याच कंपन्यांत तोच वेगळा गुन्हा धरतात.