‘किमान’ कोणाचं आणि ‘कमाल’ कशाची?

प्रश्न: “मी नाशिकला मेकॅनिकल डिप्लोमा करतोय. नोट्समध्ये ‘किमान उष्माधारकता दराचा द्रायू’ असं लिहिलंय. किमान म्हणजे ज्याचा प्रवाह कमी तोच ना? आणि कमाल उष्णता काढायची आहे तर सूत्रात किमान का घालतात? मोठा आकडा घातला तर उत्तर मोठं येईल की!”

तुमचा प्रश्न कूलरसारख्या उपकरणाचा आहे, जिथे एक गरम आणि एक थंड द्रायू, म्हणजे वाहणारा द्रव किंवा वायू, पत्र्याच्या दोन बाजूंनी वाहत उष्णतेची देवाणघेवाण करतात. नाही, ज्याचा प्रवाह कमी तोच असेल असं नाही. तुम्हाला चकवतोय तो ‘दर’ हा शब्द. तो वाचला की मन थेट वाहण्याकडे जातं, मिनिटाला किती लिटर वगैरे. पण इथला दर उष्माधारकतेचा आहे. दहावीच्या विज्ञानातली ‘विशिष्ट उष्माधारकता’ आठवा: एक किलो पदार्थाचं तापमान एका अंशाने वाढवायला लागणारी उष्णता. तिला दर सेकंदाला वाहणाऱ्या वस्तुमानाने गुणलं की उष्माधारकता दर मिळतो.

```
C = m × cp
Q_max = C_min × (Th_in − Tc_in)
```

यात m म्हणजे दर सेकंदाला वाहणारं वस्तुमान, cp म्हणजे विशिष्ट उष्माधारकता, Q_max म्हणजे कमाल उष्णता, C_min म्हणजे दोन द्रायूंच्या C मधला लहान, आणि Th_in व Tc_in म्हणजे गरम आणि थंड द्रायूचं शिरतानाचं तापमान. म्हणजे C हा आकडा एवढंच सांगतो की या प्रवाहाचं तापमान एका अंशाने हलवायचं असेल तर दर सेकंदाला किती उष्णता द्यावी किंवा काढावी लागेल. त्याचं एकक किलोवॅट प्रति अंश. त्यात किती वाहतंय आणि काय वाहतंय, दोन्ही आलं. तुमच्या प्रश्नात दुसरी गोष्ट सुटली आहे.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हायड्रॉलिक प्रेसच्या बाजूला जो ऑइल कूलर असतो, तोच उदाहरणाला घेऊ. समजा तेल मिनिटाला ९० लिटर वाहतंय आणि ६० अंशांवर कूलरमध्ये शिरतंय. कूलिंग टॉवरचं पाणी मिनिटाला ५० लिटर, ३० अंशांवर येतंय. प्रवाह बघून कोणीही म्हणेल की किमान ते पाणी. आता हिशेब करू. तेलाची घनता लिटरला साधारण ०.८७ किलो, म्हणजे मिनिटाला ९० लिटर तेल सेकंदाला १.३ किलो भरतं. तेलाची विशिष्ट उष्माधारकता या तापमानाला सुमारे २ किलोज्यूल प्रति किलो प्रति अंश. गुणाकार २.६१ किलोवॅट प्रति अंश. पाणी सेकंदाला ०.८३ किलो, त्याची विशिष्ट उष्माधारकता ४.१८, गुणाकार ३.४८. म्हणजे जास्त वाहणारं तेलच किमान ठरलं. पाण्याची उष्णता सामावण्याची ताकद तेलाच्या दुपटीहून जास्त असल्यामुळे कमी पाणीही इथे मोठा प्रवाह होऊन बसतं. फ्लोमीटर लिटर दाखवतो आणि सूत्राला किलो लागतात, हेही विसरू नका. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ एकच असल्याने ही चूक लपून राहते आणि तेलाच्या वेळी उघडी पडते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कूलर कितीही मोठा केला, तरी कोणत्याही प्रवाहाच्या तापमानात जास्तीत जास्त किती बदल होऊ शकतो? गरम द्रायू फार तर थंड द्रायूच्या शिरण्याच्या तापमानापर्यंत उतरेल. थंड द्रायू फार तर गरम द्रायूच्या शिरण्याच्या तापमानापर्यंत चढेल. आपल्या कूलरमध्ये हा कमाल बदल ६० वजा ३० म्हणजे ३० अंश. प्रश्न इतकाच की हा पूर्ण ३० अंशांचा पल्ला दोघांपैकी कोण गाठू शकतो.

तुमच्या म्हणण्याप्रमाणे मोठा आकडा घालून बघू. पाण्याने ३० अंशांचा पल्ला गाठला, तर ३.४८ गुणिले ३०, म्हणजे १०४ किलोवॅट उष्णता त्याने घेतली. ही उष्णता तेलातूनच यायला हवी. तेलाचा दर २.६१, म्हणून त्याचं तापमान ४० अंशांनी उतरायला हवं. ६० मधून ४० गेले, तेल २० अंशांवर बाहेर पडलं. पण त्याला थंड करणारं पाणीच ३० अंशांवर शिरतंय! आपल्याहून गरम असलेल्या पाण्याकडे तेल उष्णता सोडणार तरी कसं? उष्णता आपसूक थंडाकडून गरमाकडे वाहत नाही, हा उष्मागतिकीचा दुसरा नियम इथे आडवा येतो. मोठं उत्तर येतं हे खरं, पण तसा कूलर बनूच शकत नाही.

लहान आकडा घालून बघा. तेल ३० अंश उतरलं, म्हणजे २.६१ गुणिले ३०, सुमारे ७८ किलोवॅट. तेवढ्या उष्णतेने पाणी २२.५ अंश चढून ५२.५ वर पोचलं. ते तेलाच्या ६० अंशांच्या आतच आहे, कुठलाही नियम मोडला नाही. दोन्हींत लहान दराचा प्रवाहच तेवढ्याच उष्णतेला तापमान जास्त बदलतो, म्हणून ३० अंशांच्या मर्यादेला आधी तोच टेकतो. तो टेकला की पुढची देवाणघेवाण थांबते, मग मोठ्या प्रवाहात कितीही जागा शिल्लक असो. म्हणून सूत्रात किमान.

आता तुमच्या नोट्समधल्या मराठीबद्दल. ‘किमान’ला आपल्या रोजच्या बोलण्यात ‘कमीत कमी एवढं तरी’ असा अर्थ चिकटलेला आहे. किमान वेतन म्हणजे त्याखाली जायचं नाही अशी रेघ. ‘किमान उष्माधारकता दर’ वाचताना तोच अर्थ डोक्यात आला, तर द्रायूला कमीत कमी एवढा दर हवा असं काहीतरी वाटू लागतं. इथे कुठलीही रेघ नाही. समोर दोन प्रवाह आहेत, त्यातला ज्याचा आकडा लहान तो. मी लिहीन तर ‘दोहोंतला लहान उष्माधारकता दर’ असं लिहीन. एक शब्द वाढतो, पण वाचणाऱ्याला तुलना करायची आहे हे तिथेच कळतं. दोन्ही दर नेमके सारखे असतील तर अर्थातच कोणताही घ्या.

‘कमाल’ची गोष्ट याच्या उलट आहे. हवामानाच्या बातमीत नाशिकचं कमाल तापमान म्हणजे त्या दिवशी प्रत्यक्ष नोंदलेलं तापमान. ते घडून गेलेलं असतं. आपल्या सूत्रातली कमाल उष्णता मात्र कोणत्याही खऱ्या कूलरमध्ये घडत नाही. ती गाठायला पाणी आणि तेल एकमेकांच्या विरुद्ध दिशेने वाहायला हवं आणि मधला पत्रा अमर्याद क्षेत्रफळाचा हवा. म्हणून ‘कमाल’च्या पुढे ‘शक्य’ हा शब्द हवाच: ‘कमाल शक्य उष्णता संक्रमण’. नोट्समध्ये जागा वाचवायला ‘शक्य’ गाळतात आणि मग विद्यार्थी तोच आकडा कूलरची क्षमता म्हणून उत्तरात लिहितो. आपल्या कूलरमधून तेल प्रत्यक्षात ५० अंशांवर बाहेर पडत असेल, तर खरी उष्णता २६ किलोवॅट. ७८ शी तिचं गुणोत्तर साधारण एक तृतीयांश. यालाच परिणामकारकता म्हणतात. दोन्ही प्रवाह एकाच दिशेने सोडले तर पत्रा कितीही वाढवला तरी दोघे ४२.९ अंशांवर भेटतात आणि उष्णता ४५ किलोवॅटपुढे जात नाही. तरीही परिणामकारकता काढताना खाली ७८ च धरायचे, कारण ती मर्यादा वाहण्याच्या मांडणीवर अवलंबून नाही.

लहान प्रवाह कोणता हे कूलरच्या पाटीवर कायमचं कोरलेलं नसतं. ते त्या क्षणीच्या वाहण्यावर ठरतं आणि बदलतंही. आपल्या उदाहरणात पाणी मिनिटाला साडेसदतीस लिटरवर आलं की दोन्ही दर सारखे होतात. त्याच्याही खाली, समजा स्ट्रेनर तुंबल्यामुळे पाणी ३० लिटरवर आलं, तर पाण्याचा दर २.०९ होतो आणि आता लहान प्रवाह पाणी. कमाल शक्य उष्णता ७८ वरून ६३ किलोवॅटवर उतरते. तेल मग आदर्श कूलरमध्येही ३६ अंशांखाली जाऊ शकत नाही. याउलट ५० लिटरचे ८० लिटर केलेत तर ही मर्यादा तसूभरही हलत नाही, कारण ती तेलाने बांधलेली आहे. खरी उष्णता थोडी वाढेल, पाणी जोरात वाहिल्यामुळे आणि ते कमी तापल्यामुळे, पण छप्पर तेच राहील.

चालू मशीनवर फ्लोमीटर नसला तरी लहान प्रवाह ओळखता येतो. तेल आत, तेल बाहेर, पाणी आत, पाणी बाहेर अशी चार तापमानं घ्या. एकाने सोडलेली उष्णता दुसऱ्याने घेतलेली असते, म्हणून ज्याचं तापमान जास्त बदललं त्याचा दर लहान. आपलं तेल १० अंश उतरलं आणि पाणी ७.५ अंश चढलं. म्हणजे तेल लहान, आणि दोन दरांचं गुणोत्तर ०.७५, जे आपण गुणाकारानेही काढलं होतं. काही दिवसांनी पाण्याची चढ तेलाच्या उतरणीपेक्षा जास्त दिसायला लागली, तर पाण्याचा प्रवाह घटला आहे असं समजून आधी स्ट्रेनर उघडा. मात्र तापमान स्थिर झाल्यावरच वाचा, आणि पाइपवर वरून बांधलेल्या सेन्सरवर फार विसंबू नका. पाणी दोन-तीनच अंश चढत असेल तर एका अंशाची चूक निष्कर्ष उलटवू शकते.

ही युक्ती सरसकट लावू नका असा एकच प्रकार आहे: जिथे एका बाजूला वाफ पाणी होतेय किंवा द्रव उकळतोय. दूध तापवायला वाफ वापरली तर वाफेचं तापमान तसंच राहतं, कारण ती अप्रकट उष्मा सोडत असते. उष्णता कितीही काढली तरी तापमान हलत नाही, म्हणजे तिचा C अनंत. तिथे आकडेमोड न करताच दूध लहान प्रवाह ठरतं, आणि कमाल शक्य उष्णता दुधाच्या C ला वाफेच्या आणि शिरणाऱ्या दुधाच्या तापमानातल्या फरकाने गुणून मिळते. वाफेचा सेकंदाला किती किलोचा पुरवठा आहे हे त्या गुणाकारात कुठेच येत नाही. तो दुधाला पुरेसा आहे का, हे अप्रकट उष्म्यावरून वेगळं तपासावं लागतं.